बदलत्या वेगमर्यादांच्या महामार्गावर प्रवासाचा एकूण वेळ कसा काढावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महामार्गावर ठिकठिकाणी वेगमर्यादेचे फलक असतात आणि दोन फलकांमधल्या टप्प्यात एकच मर्यादा लागू असते. अशा रस्त्याने जायला एकूण किती वेळ लागेल, हा प्रश्न वरवर भागाकार आणि बेरीज एवढाच वाटतो. त्यात होणाऱ्या चुका मात्र ठरावीक आहेत आणि त्यांतल्या काही सहज नजरेतून निसटतात. खालील सर्व उत्तरांत एकच उदाहरण वापरले आहे: १२० किलोमीटर लांबीचा, पाच टप्प्यांचा एक काल्पनिक महामार्ग. त्याचे आकडे तोंडी हिशेब करता यावा असे निवडले आहेत.

हिशेबाला नेमकी कोणती माहिती लागते?

प्रत्येक टप्पा कोणत्या किलोमीटरला सुरू होतो, कुठे संपतो आणि त्यात ताशी किती किलोमीटरची मर्यादा आहे, एवढी माहिती पुरते. येथे पहिली काळजी घ्यायची ती अशी की यादीतले आकडे टप्प्यांची स्थाने सांगतात की टप्प्यांच्या लांब्या, हे आधी ठरवून घ्यावे. आपल्या उदाहरणात फलक १५, ६५, ७७ आणि ११७ या किलोमीटरांवर आहेत, म्हणजे ही स्थाने आहेत. लांबी काढण्यासाठी शेवटातून सुरुवात वजा करावी लागते. स्थानांनाच लांब्या समजून बेरीज केली, तर शेवटचा १२० धरून रस्ता ३९४ किलोमीटरचा निघतो. इतकी मोठी चूक लगेच ध्यानात येते, पण टप्पे दोनच असले आणि पहिला शून्यापासून सुरू होत असला, तर ती सहज खपून जाते.

दुसरी काळजी एककांची. अंतर किलोमीटरमध्ये आणि मर्यादा ताशी मैलांमध्ये असेल, तर आधी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे. एक मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर, म्हणून ताशी ६० मैल म्हणजे ताशी सुमारे ९६.६ किलोमीटर होतात.

एकूण वेळ कसा काढायचा?

प्रत्येक टप्प्याची लांबी त्या टप्प्यातल्या वेगाने भागावी, म्हणजे त्या टप्प्याला लागणारा वेळ तासांत मिळतो. ६० ने गुणल्यावर तो मिनिटांत येतो. मग सर्व टप्प्यांचे वेळ एकत्र मिळवावेत. आपल्या महामार्गाचा हिशेब असा होतो:

| टप्पा (कि.मी.) | लांबी (कि.मी.) | मर्यादा (ताशी कि.मी.) | लागणारा वेळ (मिनिटे) | टप्प्याअखेर चढती बेरीज (मिनिटे) |
|---|---|---|---|---|
| ० ते १५ | १५ | ६० | १५ | १५ |
| १५ ते ६५ | ५० | १०० | ३० | ४५ |
| ६५ ते ७७ | १२ | ४० | १८ | ६३ |
| ७७ ते ११७ | ४० | ८० | ३० | ९३ |
| ११७ ते १२० | ३ | ३० | ६ | ९९ |

एकूण वेळ ९९ मिनिटे, म्हणजे १ तास ३९ मिनिटे. शेवटचा स्तंभ या हिशेबाला लागत नसला, तरी तो पहिल्यापासूनच मांडून ठेवावा असे माझे मत आहे, कारण पुढचे बरेच प्रश्न त्याच्या आधारे एका वजाबाकीत सुटतात.

येथे एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. वेगमर्यादा ही कमाल असते, त्यामुळे ९९ मिनिटे हा नियमांत राहून शक्य असलेला सर्वांत कमी वेळ आहे. प्रत्यक्ष वेळ त्याहून कमी निघाला, तर कुठेतरी मर्यादा ओलांडली गेली आहे किंवा यादी तरी चुकली आहे.

सगळ्या मर्यादांची सरासरी काढून एकूण अंतर तिने भागले तर चालणार नाही का?

नाही. पाच मर्यादांची साधी सरासरी ताशी ६२ किलोमीटर येते आणि १२० किलोमीटरला ६२ ने भागले की सुमारे ११६ मिनिटे निघतात, म्हणजे खऱ्या उत्तरापेक्षा १७ मिनिटे जास्त. या पद्धतीत ३ किलोमीटरच्या टप्प्याला आणि ५० किलोमीटरच्या टप्प्याला सारखेच वजन मिळते, हा तिचा दोष उघड आहे. एखाद्या टप्प्याच्या मध्ये तीच मर्यादा पुन्हा सांगणारा आणखी एक फलक लावला, तर रस्ता आणि वेग तेच राहूनही ही सरासरी बदलते. ही पद्धत निरुपयोगी आहे हे ओळखायला तेवढे एक निरीक्षण पुरेसे आहे.

मग प्रत्येक मर्यादेला टप्प्याच्या लांबीचे वजन देऊन सरासरी काढली तर?

ही चूक अधिक फसवी आहे, कारण ती विचारपूर्वक केलेली असते. लांबीचे वजन दिल्यावर सरासरी ताशी ८०.५८ किलोमीटर येते आणि वेळ सुमारे ८९.४ मिनिटे निघतो. म्हणजे या वेळी उत्तर साडेनऊ मिनिटांहून अधिक कमी आले. साध्या सरासरीची चूक कोणत्याही बाजूला झुकू शकते, पण लांबीच्या वजनाने काढलेली सरासरी प्रत्येक वेळी वेळ कमीच दाखवते. सर्व टप्प्यांत एकच मर्यादा असेल तेव्हाच ती बरोबर येते, आणि मर्यादांमधला फरक जितका मोठा तितकी ती अधिक चुकते.

कारण असे की गाडी हळू चालते त्या टप्प्यात ती जास्त वेळ असते. आपल्या महामार्गावर ताशी ४० किलोमीटरचा टप्पा रस्त्याच्या लांबीचा दहावा भाग आहे, पण तो वेळेचा जवळपास साडेपाचवा भाग खातो. वेगाची सरासरी काढायचीच असेल, तर प्रत्येक वेगाला त्या वेगाने घालवलेल्या वेळेचे वजन द्यावे लागते. तसे केल्यावर ताशी ७२.७३ किलोमीटर येतात, आणि १२० किलोमीटरला ९९ मिनिटांनी, म्हणजे १.६५ तासांनी भागूनही हाच आकडा मिळतो. अडचण एवढीच की हे वजन देण्यासाठी प्रत्येक टप्प्याचा वेळ आधीच काढलेला असावा लागतो, आणि तो काढला असेल तर सरासरीची गरजच उरत नाही.

या गोंधळातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे वेगाऐवजी किलोमीटरमागे किती मिनिटे लागतात हा आकडा वापरणे. ६० ला वेगाने भागले की तो मिळतो: ताशी ६० ला किलोमीटरमागे १ मिनिट, १०० ला ०.६, ४० ला १.५, ८० ला ०.७५ आणि ३० ला २ मिनिटे. हा आकडा लांबीने गुणला की थेट मिनिटे येतात, आणि याची लांबीच्या वजनाने काढलेली सरासरी मात्र बिनचूक असते. रोज असे हिशेब करणाऱ्याने हे पाच-सहा आकडे पाठ करून ठेवले, तर कागदाची गरज क्वचितच पडते.

उत्तर १.६५ तास आले, म्हणजे १ तास ६५ मिनिटे का?

नाही. दशांश चिन्हानंतरचा भाग तासाचा शंभरावा हिस्सा मोजतो, मिनिटे नव्हेत. ०.६५ ला ६० ने गुणले की ३९ मिनिटे होतात, म्हणून १.६५ तास म्हणजे १ तास ३९ मिनिटे. दशांश भाग ६० पेक्षा लहान असतो तेव्हा ही चूक लपून राहते: १.२५ तास हे १ तास २५ मिनिटे म्हणून वाचले, तर आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो, पण प्रत्यक्षात ते १ तास १५ मिनिटे असतात.

प्रवास महामार्गाच्या मध्येच सुरू होऊन मध्येच संपत असेल तर?

समजा आपण ३० व्या किलोमीटरला महामार्गावर चढलो आणि ९० व्या किलोमीटरला उतरलो. तर पहिल्या आणि शेवटच्या अपुऱ्या टप्प्यांचा आपल्या वाट्याला आलेला तुकडाच मोजायचा. ३० ते ६५ हे ३५ किलोमीटर ताशी १०० ने २१ मिनिटांत होतात, ६५ ते ७७ हा संपूर्ण टप्पा १८ मिनिटे घेतो आणि ७७ ते ९० या १३ किलोमीटरांना ताशी ८० ने ९.७५ मिनिटे लागतात. बेरीज ४८.७५ मिनिटे, म्हणजे ४८ मिनिटे ४५ सेकंद.

असे बरेच हिशेब करायचे असतील, तर चढत्या बेरजेचा स्तंभ उपयोगी पडतो. शून्यापासून ९० व्या किलोमीटरपर्यंतचा वेळ ६३ अधिक ९.७५, म्हणजे ७२.७५ मिनिटे आहे. शून्यापासून ३० व्या किलोमीटरपर्यंतचा वेळ १५ अधिक ९, म्हणजे २४ मिनिटे. दोन्हींची वजाबाकी पुन्हा ४८.७५ देते. टप्पे शेकडो असले, तरी या रीतीने प्रत्येक प्रश्नाला दोन ठिकाणचे आकडे आणि एक वजाबाकी एवढेच काम उरते.

अमुक वेळानंतर गाडी कुठे असेल, हे काढता येते का?

येते, आणि त्यासाठीही चढती बेरीजच वापरायची, फक्त उलट बाजूने. शून्यापासून निघून ६० मिनिटे झाली आहेत असे धरा. स्तंभात ४५ आणि ६३ या आकड्यांच्या मध्ये ६० येतात, म्हणून गाडी तिसऱ्या टप्प्यात आहे. त्या टप्प्यात शिरून १५ मिनिटे झाली आहेत आणि ताशी ४० ने १५ मिनिटांत १० किलोमीटर होतात, तेव्हा गाडी ७५ व्या किलोमीटरवर आहे. वेळेच्या प्रमाणात एकूण अंतर वाटून, म्हणजे ९९ पैकी ६० मिनिटे झाली म्हणून १२० पैकी सुमारे ७३ किलोमीटर झाले, असे म्हणणे चूक आहे. येथे ते उत्तर खऱ्याच्या जवळपास आले, हा निव्वळ योगायोग.

फलक ज्या बिंदूवर आहे तो बिंदू आधीच्या टप्प्यात धरायचा की पुढच्या?

एकूण वेळेसाठी काहीच फरक पडत नाही, कारण बिंदूला लांबी नसते. मात्र एखाद्या स्थानाची मर्यादा किती असे विचारायचे असेल, तर एक नियम ठरवून तो सर्वत्र पाळावा. फलकापासून पुढे नवी मर्यादा सुरू होते, म्हणून तो बिंदू पुढच्या टप्प्यात धरणे मला सयुक्तिक वाटते.

टप्प्यांची यादी बरोबर आहे हे कसे तपासावे?

हिशेबाच्या चुकांपेक्षा यादीच्या चुका अधिक सापडतात. दोन टप्प्यांच्या मध्ये रस्त्याचा एखादा तुकडा सुटलेला असतो, किंवा एकच तुकडा दोन टप्प्यांत मोजला गेलेला असतो. पुष्कळ जण सर्व लांब्यांची बेरीज एकूण अंतराइतकी आहे का, एवढेच पाहतात. ही तपासणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. समजा तिसरा टप्पा चुकून ६५ ते ७५ असा लिहिला आणि शेवटचा टप्पा ११५ ते १२० असा लिहिला. तर दोन किलोमीटर सुटले आणि दोन किलोमीटर दुबार मोजले गेले. बेरीज १२० च राहते. वेळ मात्र ९९ ऐवजी १०० मिनिटे येतो, कारण ताशी ४० चे दोन किलोमीटर जाऊन ताशी ३० चे दोन किलोमीटर वाढले. म्हणून प्रत्येक टप्प्याचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात आहे ना, हे एकेक करून पाहावे लागते.

याहून चांगला उपाय म्हणजे यादीची मांडणीच अशी ठेवावी की ही चूक होऊ नये. प्रत्येक फलकाचे स्थान आणि तिथून पुढे लागू होणारी मर्यादा एवढेच लिहावे, आणि टप्प्याचा शेवट स्वतंत्र न लिहिता पुढच्या फलकावरून घ्यावा. मग तुकडा सुटणे किंवा दुबार मोजला जाणे शक्यच राहत नाही. राहतो तो एकच धोका: एखादा फलक नोंदवायचाच राहून जाणे.

मर्यादा संपल्याचे सांगणाऱ्या फलकाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. त्याच्यापुढे मर्यादा नसते असा अर्थ सहसा होत नाही. त्या प्रकारच्या रस्त्याची सर्वसाधारण मर्यादा पुन्हा लागू होते. तो आकडा फलकावर लिहिलेला नसतो, त्यामुळे तो आपल्याला यादीत घालावा लागतो. तो घातला नाही, तर हिशेबात जुनीच कमी मर्यादा पुढे चालू राहते आणि वेळ फुगतो.

माझे वाहन मर्यादेइतक्या वेगाने जाऊ शकत नसेल, किंवा मला तितक्या वेगाने जायचेच नसेल तर?

प्रत्येक टप्प्यात मर्यादा आणि वाहनाचा वेग यांपैकी जो लहान असेल तो घ्यावा. एखादे जड वाहन ताशी ६० च्या वर जात नसेल, तर आपल्या महामार्गावर दुसरा टप्पा ३० ऐवजी ५० मिनिटे घेईल, चौथा ३० ऐवजी ४० मिनिटे घेईल आणि बाकीचे तीन तसेच राहतील. एकूण १२९ मिनिटे होतात. एकूण वेळ एखाद्या ठरावीक गुणोत्तराने वाढवून हे उत्तर मिळत नाही, कारण मंद टप्प्यांना जड वाहनाचा काहीच तोटा होत नाही.

चालकाने स्वतःचाही बेत आखला असेल, तर त्याच्या बेतातले बदल फलकांच्या जागी होतील असे नाही. समजा त्याने पहिले ५० किलोमीटर ताशी ७० पेक्षा अधिक वेगाने जायचे नाही आणि पुढे ९० पर्यंत जायचे असे ठरवले आहे. तर ५० व्या किलोमीटरलाही रस्ता कापावा लागतो, आणि दुसऱ्या टप्प्याचे १५ ते ५० व ५० ते ६५ असे दोन तुकडे होतात. पहिल्यात ताशी ७० ने ३० मिनिटे, दुसऱ्यात ताशी ९० ने १० मिनिटे. इतर टप्प्यांत मर्यादाच त्याच्या बेतापेक्षा कमी असल्याने तिथले आकडे बदलत नाहीत. एकूण १०९ मिनिटे. दोन्ही याद्यांतील सर्व स्थाने एकत्र करून चढत्या क्रमाने लावावीत आणि मग प्रत्येक तुकड्याला दोन वेगांपैकी लहान वेग द्यावा, ही यातली रीत आहे.

फलकापाशी वेग एका क्षणात बदलत नाही. त्याने हिशेब किती चुकतो?

वाटतो त्यापेक्षा फारच कमी. चालक नियम पाळतो असे धरले, तर मर्यादा कमी होण्याच्या आधीच त्याला वेग उतरवावा लागतो आणि मर्यादा वाढल्यानंतरच तो वेग वाढवू शकतो. म्हणजे दोन्ही वेळा बदल जास्त मर्यादेच्या टप्प्यात होतो आणि दोन्ही वेळा वेळ वायाच जातो. जास्त वेग v, कमी वेग u आणि त्वरण a असेल, तर एका बदलाला वाया जाणारा वेळ असा येतो:

```
(v - u)^2 / (2 * a * v)
```

वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचे, म्हणजे ताशी किलोमीटरला ३.६ ने भागायचे. दर सेकंदाला वेग १ मीटर प्रति सेकंदाने वाढतो किंवा कमी होतो असे धरू. ताशी ६० वरून १०० वर जाताना सुमारे २.२ सेकंद, १०० वरून ४० वर येताना ५ सेकंद, ४० वरून ८० वर जाताना २.८ सेकंद आणि ८० वरून ३० वर येताना ४.३ सेकंद वाया जातात. सुरुवातीला थांबलेल्या गाडीने ताशी ६० गाठायला ८.३ आणि शेवटी ताशी ३० वरून थांबायला ४.२ सेकंद अधिक लागतात. सर्व मिळून २७ सेकंदही होत नाहीत. ९९ मिनिटांच्या प्रवासात हा आकडा सोडून दिला तरी हरकत नाही.

टप्पे फार आखूड असतील तेव्हा मात्र तो सोडता येत नाही. याच त्वरणाने ताशी ६० वरून १०० वर जायला सुमारे २४७ मीटर रस्ता लागतो, आणि पुढे पुन्हा ६० ची मर्यादा असेल, तर वेग उतरवायला तेवढाच रस्ता हवा. म्हणजे ताशी १०० चा टप्पा ४९४ मीटरपेक्षा लहान असेल, तर गाडी त्या मर्यादेपर्यंत कधी पोहोचतच नाही आणि वरचे सूत्रही तिथे लागू पडत नाही. अशा टप्प्यांत लांबी भागिले मर्यादा हा हिशेब वेळ कमी दाखवतो.

कोणत्या टप्प्यात मर्यादा वाढली तर वेळ सर्वांत जास्त वाचेल?

बहुधा लोक सर्वांत लांब टप्प्याकडे बोट दाखवतात. आपल्या उदाहरणात ५० किलोमीटरच्या टप्प्याची मर्यादा १०० वरून ११० केली, तर ३० ऐवजी २७.३ मिनिटे लागतील, म्हणजे २.७ मिनिटे वाचतील. त्याऐवजी १२ किलोमीटरच्या टप्प्याची मर्यादा ४० वरून ५० केली, तर १८ ऐवजी १४.४ मिनिटे लागतील आणि ३.६ मिनिटे वाचतील. चौपटीहून आखूड असलेला टप्पा येथे अधिक वेळ वाचवतो. ताशी १० किलोमीटरची वाढ ४० वर किलोमीटरमागे १८ सेकंद वाचवते, तर १०० वर जेमतेम सव्वातीन सेकंद. वेगवान टप्प्यात मर्यादा ओलांडून दामटणाऱ्या चालकाच्या पदरी फार थोडा वेळ पडतो, तो यामुळेच.

टप्प्यांचे वेळ पूर्ण मिनिटांत लिहून मग बेरीज करावी का?

करू नये. प्रत्येक टप्प्यात अर्ध्या मिनिटापर्यंत चूक शिरते, आणि ४० टप्पे असतील तर ती सर्वांत वाईट स्थितीत २० मिनिटांपर्यंत जाऊ शकते. अपूर्णांक शेवटपर्यंत तसेच ठेवावेत आणि फक्त अंतिम उत्तर पूर्ण मिनिटात लिहावे.

हा हिशेब संगणकावर कसा मांडावा?

पायथनमध्ये तो असा लिहिता येतो. a आणि b ही प्रवासाची सुरुवात आणि शेवट. प्रत्येक टप्प्यातला आपल्या वाट्याचा तुकडा min आणि max यांनी मिळतो, आणि जो टप्पा प्रवासात येतच नाही त्याची लांबी शून्य किंवा ऋण येऊन तो आपोआप गळतो.

```python
tappe = [(0, 15, 60), (15, 65, 100), (65, 77, 40),
         (77, 117, 80), (117, 120, 30)]

def minite(a, b):
    t = 0
    for s, e, v in tappe:
        l = min(b, e) - max(a, s)
        if l > 0:
            t += 60 * l / v
    return t

print(minite(0, 120))   # 99.0
print(minite(30, 90))   # 48.75
```

भागाकाराच्या चिन्हाकडे लक्ष असू द्यावे. ज्या भाषांत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच देतो, तिथे १५ भागिले ६० याचे उत्तर शून्य येते आणि तो टप्पा हिशेबातून गायब होतो. एकूण वेळ पूर्ण तासांतच येत असेल, किंवा एखादा आखूड टप्पा काढून टाकला तरी उत्तर बदलत नसेल, तर हीच चूक झाली आहे असे समजावे.

परतीच्या प्रवासाला तेवढाच वेळ लागेल का?

दोन्ही दिशांना मर्यादा आणि फलकांची स्थाने सारखीच असतील तर होय. टप्प्यांचा क्रम उलटल्याने बेरीज बदलत नाही. मात्र दोन दिशांचे फलक समोरासमोर नसणे सामान्य आहे, त्यामुळे परतीची यादी वेगळी करावी.

एखाद्या टप्प्याची मर्यादा दिवसाच्या वेळेनुसार बदलत असेल तर काय करावे?

मग एकूण वेळ निघण्याच्या वेळेवर अवलंबून राहतो आणि टप्पे हव्या त्या क्रमाने मोजून चालत नाही. सुरुवातीपासून एकेक टप्पा पुढे सरकत, त्यात शिरताना घड्याळात किती वाजले आहेत हे पाहावे लागते. समजा तिसऱ्या टप्प्यात सकाळी ८ वाजून ५४ मिनिटांपर्यंत ताशी ४० ची आणि त्यानंतर ताशी ६० ची मर्यादा आहे. आपण ८ वाजता निघालो तर ४५ मिनिटांनी, म्हणजे ८:४५ ला त्या टप्प्यात शिरतो. पहिल्या ९ मिनिटांत ताशी ४० ने ६ किलोमीटर होतात. ८:५४ ला मर्यादा वाढते आणि उरलेले ६ किलोमीटर ताशी ६० ने ६ मिनिटांत संपतात. टप्प्याला १८ ऐवजी १५ मिनिटे लागली आणि एकूण प्रवास ९६ मिनिटांचा झाला.

येथे अनेक जण टप्प्यात शिरतानाची मर्यादा संपूर्ण टप्प्याला लावतात. ही पद्धत चुकीची आहे हे दोन गाड्यांची तुलना केली की दिसते. ८:५३ ला शिरलेल्या गाडीला ती १८ मिनिटे देते, म्हणून ती ९:११ ला बाहेर पडते. ८:५४ ला शिरलेल्या गाडीला १२ मिनिटे मिळतात आणि ती ९:०६ ला बाहेर पडते. मागून आलेली गाडी पाच मिनिटे आधी पोहोचली. दोन्ही गाड्या त्या-त्या क्षणी लागू असलेली मर्यादा तंतोतंत पाळत असतील, तर हे घडणे शक्य नाही, कारण मागची गाडी पुढचीला गाठेल त्या ठिकाणी आणि त्या क्षणी दोघींना एकच मर्यादा लागू असते. बरोबर हिशेबात पहिली गाडी एक मिनिट ताशी ४० ने जाते, उरलेले अंतर ताशी ६० ने कापते आणि ९:०५ नंतर २० सेकंदांनी, म्हणजे दुसरीच्या आधी बाहेर पडते. आपण लिहिलेल्या हिशेबात निघण्याची वेळ एकेक मिनिटाने पुढे सरकवून पोहोचण्याची वेळ पाहावी. ती कुठेही मागे गेली, तर मर्यादा बदलण्याचा क्षण टप्प्याच्या मध्ये हाताळायचा राहिला आहे.